दहावीच्या निकालाचा हा ग्राफ बघा, निकाल खरंच एवढा पडलाय का?

मंजिरी_सातारा
नमस्कार मंडळी, मुलगी यंदा दहावीत गेलीये म्हणून एका क्लासच्या पालकसभेला गेले होते. तिथे भिंतीवर मोठा कागद लावलेला, वर लाल अक्षरात "दहावीचा निकाल कोसळला!" आणि खाली तीन जाडजूड बार. समोर गर्दी होती म्हणून डावीकडच्या खुर्चीवरूनच फोटो काढला, तो जोडलाय. बारच्या डोक्यावर आकडे आहेत, २०२३ ला ९३.८३, २०२४ ला ९५.८१ आणि २०२५ ला ९४.१०. आकडे बोर्डाचेच आहेत, मी घरी येऊन बघितले. पण २०२५ चा बार २०२४ च्या निम्मासुद्धा नाहीये. डावीकडे उभी पट्टी असते ना आकड्यांची, ती इथे काढलेलीच नाही. पावणेदोन टक्क्यांचा फरक एवढा कसा काय दिसतो? आमच्याकडे मत असं पडलंय की फोटो तिरका आलाय म्हणून तसं दिसतंय, पण मी तिथे समोर बसून तासभर तोच कागद बघत होते, प्रत्यक्षातही तसंच दिसत होतं.

ढवळे_काका
मंजिरीताई, फोटोत खालचा भाग कापला गेलाय, दुसरं काही नाही. पूर्ण कागद आला असता तर बार खाली लांबपर्यंत गेले असते आणि फरक किरकोळ दिसला असता.

निखिल_पी
काका, कापलंय हे बरोबर, पण फोटोने नाही कापलेलं. फोटो मोठा करून बघा, बारच्या तळाशी आडवी रेघ आहे, रेघेखाली २०२३, २०२४, २०२५ लिहिलंय आणि त्याच्याही खाली क्लासचा पत्ता आणि कागदाची कड दिसतीये. म्हणजे कागद पूर्ण आलाय. ग्राफ बनवतानाच तळाची रेघ शून्यावर न ठेवता मध्येच कुठेतरी ठेवलीये आणि ती कुठे ठेवली हे कळू नये म्हणून की काय, पट्टीही उडवलीये.

बारमध्ये आपला डोळा आकडा वाचत नाही, लांबी बघतो. दुप्पट लांब म्हणजे दुप्पट, एवढंच त्याला कळतं. तळाशी शून्य नसेल तर लांबी दाखवते "आकडा वजा जिथून सुरू केलं तो आकडा", आणि तो दुसरा आकडा ठरवणारा ग्राफ काढणारा. याच निकालात ९० पासून सुरू केलं तर उरतात ५.८१ आणि ४.१०, म्हणजे २०२५ चा बार २०२४ च्या साधारण सत्तर टक्के. ९३ पासून केलं तर २.८१ आणि १.१०, झाला चाळीस टक्क्यांच्या खाली. ९४ पासून केलं तर १.८१ आणि ०.१०, म्हणजे २०२५ चा बार नुसती एक रेघ, आणि २०२३ तर जमिनीखालीच. आकडे तिन्ही वेळा खरेच, चित्रं तीन वेगळी.

मालवणी_माणूस
कोसळलो खंय? कोकण विभाग २०२५ सालात पण पहिलोच, ९८.८२! नागपूर ९०.७८ वर शेवटाक. कोसळलो असात तर तुमच्याकडे कोसळलो असात 😀

पुणेकर_नाना
विषय काय, आपण बोलतो काय. इथे निकालाबद्दल नाही, चित्राबद्दल चाललंय राव.

मंजिरी_सातारा
निखिल, म्हणजे यांनी कुठून सुरुवात केली असेल ते पट्टी नसताना काढता येतं का? नुसतं "मध्येच कुठूनतरी" म्हटलं तर क्लासवाले मला उभं नाही करणार.

निखिल_पी
येतं की, कारण डोक्यावर आकडे छापलेत. फोटो पेंटमध्ये उघडा, कर्सर बारच्या तळाशी न्या, खाली डाव्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतात त्यातला दुसरा घ्या, मग बारच्या माथ्यावर नेऊन परत घ्या, दोन्हीतला फरक म्हणजे बारची उंची पिक्सेलमध्ये. तिन्ही बारचं असं करून इथे टाका. मात्र बारचाच माथा घ्या, आकडा लिहिलाय तिथपर्यंत जाऊ नका.

मंजिरी_सातारा
केलं. २०२३ चा १३२, २०२४ चा ४२१, २०२५ चा १५६.

निखिल_पी
मस्त. आता पहिले दोन घेऊ. उंचीतला फरक ४२१ वजा १३२ म्हणजे २८९ पिक्सेल, निकालातला फरक १.९८. म्हणजे एका टक्क्याला साधारण १४६ पिक्सेल. २०२३ चा बार १३२ पिक्सेल, म्हणजे तळापासून ०.९० टक्के वर. ९३.८३ मधून ०.९० गेले, तळ आला ९२.९३ ला.

पण इथे थांबायचं नाही हं. दोन बार घेतले की कुठला ना कुठला तळ निघतोच, फोटो कसाही असो, म्हणून तिसरा बार तपासायला ठेवायचा. तळ ९२.९३ असेल तर २०२५ चा बार १.१७ गुणिले १४६, म्हणजे १७१ पिक्सेल यायला पाहिजे. तुमचा आलाय १५६. पंधरा पिक्सेल कमी. कर्सर धरण्यात एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे होतात, पंधरा नाही होत.

ढवळे_काका
मग घरच्यांचं बरोबर होतं की, फोटो तिरका आहे!

निखिल_पी
फोटो तिरका आहेच, पण बार निम्म्याहून लहान दिसतोय त्याचं कारण ते नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताई डावीकडे बसल्या होत्या त्यामुळे कागदाची डावी बाजू जवळ, उजवी लांब, म्हणून डावीकडचा २०२३ चा बार जरा फुगलाय आणि उजवीकडचा २०२५ चा जरा आखडलाय. मी फोटो उतरवून मोजलं, कागदाची डावी कड ९८० पिक्सेल आहे आणि उजवी ८३५, कागद तर चौकोनीच असणार, म्हणजे एवढा तिरकेपणा फोटोचा. कागदाची कड दिसत असेल तर हे आधीच कळतं, नसेल दिसत तर असं तिसऱ्या बारवर कळतं.

ताई, फोनमध्ये कागदपत्रं स्कॅन करायची सोय असते ना, त्यात हाच फोटो घ्या, चार कोपरे ओढून कागदाच्या चार कोपऱ्यांवर बसवा, तो सरळ करून देईल. मग परत मोजा.

मंजिरी_सातारा
स्वयंपाक आवरून मोजलं. १२५, ४२१, १६५.

निखिल_पी
आता बघा. फरक २९६, भागिले १.९८, एका टक्क्याला साडेएकशे एकोणपन्नास पिक्सेल. १२५ पिक्सेल म्हणजे ०.८४. ९३.८३ वजा ०.८४, तळ ९२.९९, म्हणजे ९३ च. आणि तिसऱ्याची परीक्षा: १.१० गुणिले १४९.५, येतात १६४ ते १६५. तुमचे १६५. जमलं.

तर क्लासवाल्यांना सांगा की तुमचा ग्राफ ९३ पासून सुरू होतो. आणि तिरकेपणाचा हिशोबही लावून टाकू. सरळ केलेल्या फोटोत २०२५ चा बार २०२४ च्या ३९ टक्के आहे, तिरक्या फोटोत ३७ टक्के होता. म्हणजे तिरक्या फोटोने दोन टक्क्यांची भर घातली, बाकी सगळा पराक्रम ९३ चा. शून्यापासून काढला असता तर २०२५ चा बार २०२४ च्या ९८ टक्के आला असता.

पुणेकर_नाना
म्हणजे ३०० पिक्सेल म्हणजे १०० टक्के धरून शून्यापासून काढला तर एक बार २८७ आणि दुसरा २८२. पाच पिक्सेलचा फरक. तो ग्राफ भिंतीवर लावला तर पालक म्हणतील तीन सारखेच डबे काढलेत, आणि घरी जातील. क्लास कसा चालायचा मग.

ऑफिसातली_रमा
मला वाटतं तुम्ही जरा जास्तच संशय घेताय. आमच्या ऑफिसात मी दर महिन्याला रिव्ह्यूचे ग्राफ करते, एक्सेलमध्ये आकडे टाकून कॉलम चार्ट दाबला की ते स्वतःच खालचे आकडे उडवतं, मी काहीच केलेलं नसतं. मागे असंच झालं, साहेब म्हणाले खर्च दुप्पट झाला का, तेव्हा बघितलं तर पट्टी मधूनच सुरू. क्लासवाल्याच्या पोराने पण तसंच केलं असेल, मुद्दाम कशाला कोण करेल.

निखिल_पी
रमाताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे, एक्सेल हे करतं आणि का करतं त्याचा नियम आहे. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त असेल तर ते पट्टी शून्यापासून घेतं, कमी असेल तर आपणहून वर उचलतं. इथे फरक १.९८ आणि ९५.८१ चा एक षष्ठांश जवळपास सोळा, त्यामुळे एक्सेल शून्य ठेवणारच नाही.

पण उचलताना ते लहान आकड्याच्या खाली फरकाच्या निम्मी जागा सोडतं आणि मग त्याच्याही खालच्या पूर्ण खुणेवर जातं. ९३.८३ मधून ०.९९ वजा, ९२.८४, त्याच्या खालची खूण म्हणजे ९२.५ किंवा ९२. तेव्हा ९३ एक्सेलने स्वतःहून घेतलं असेल असं मला वाटत नाही, कुणीतरी हाताने घातलंय. अर्थात ग्राफ कशात केलाय तेच माहीत नाही, त्यामुळे शपथेवर नाही सांगणार. पट्टी मात्र एक्सेल आपणहून काढून टाकत नाही.

तुमच्या रिव्ह्यूसाठी सांगतो, पट्टीवर राइट क्लिक, फॉरमॅट अ‍ॅक्सिस, तिथे मिनिममच्या जागी ० टाका. एकदा टाकलं की त्या चार्टला ते चिकटून राहतं, पुढच्या महिन्याचे आकडे घातले तरी.

ढवळे_काका
म्हणजे कुठलाही ग्राफ शून्यापासूनच पाहिजे. लक्षात ठेवतो. पेपरात सेन्सेक्सचा येतो तो पण सगळा खोटाच म्हणायचा.

निखिल_पी
नाही काका, तसं नाही. सेन्सेक्सचा असतो रेघेचा ग्राफ. त्यात रेघ किती चढली किती उतरली ते बघतो आपण, जमिनीपासून उंची नाही मोजत. ताप आलेल्या पोराचा तक्ता ९८ पासून १०४ पर्यंतच काढतात ना, शून्यापासून काढला तर ताप आहे का नाही तेच कळणार नाही. शून्याचा नियम बारला, कारण बार म्हणजे भरलेली लांबी. रेघेच्या ग्राफमध्येही बनवाबनवी होते, पण ती पट्टी ताणून होते आणि तिथे पट्टी छापलेली असली तर वाचणाऱ्याला हिशोब लावता येतो.

शिंदे_सर_बीड
मी शिक्षक आहे, वीस-बावीस वर्षं दहावीला शिकवतोय, त्यामुळे मला या चर्चेत एक गोष्ट खटकतीये. तुम्ही सगळे म्हणताय फरक किरकोळ. शून्यापासून काढला तर पाच पिक्सेल. अहो पण ते पाच पिक्सेल म्हणजे मुलं आहेत. राज्यात नियमित विद्यार्थी साडेपंधरा लाखांच्या घरात बसतात, त्याचे १.७१ टक्के म्हणजे सव्वीस हजारांच्या आसपास मुलं. आता उलटं बघा. २०२४ ला पास झाले नाहीत ते ४.१९ टक्के, २०२५ ला ५.९०. म्हणजे नापास होणाऱ्यांचं प्रमाण एका वर्षात जवळजवळ ४१ टक्क्यांनी वाढलं. क्लासवाल्याचा हेतू काहीही असो, कोसळला हा शब्द मला तरी अगदीच चुकीचा वाटत नाही. तुमचा तो शून्यापासूनचा प्रामाणिक ग्राफ ही गोष्ट झाकून टाकतो.

पुणेकर_नाना
सर, हा मुद्दा भारी आहे. आता बोला निखिलशेठ.

निखिल_पी
सरांचं म्हणणं मी मान्य करतो आणि तरी क्लासचा ग्राफ चूकच म्हणतो. नापासांचं प्रमाण दाखवायचं असेल तर नापासांचेच बार काढा ना, शून्यापासून: ६.१७, ४.१९, ५.९०. तिथे २०२५ चा बार २०२४ च्या दीडपटीला थोडा कमी दिसेल आणि ते खरं आहे, कुणी पट्टी मोजली तरी तेच निघेल. आणि त्याच चित्रात लगेच दिसेल की २०२३ ला यापेक्षाही जास्त मुलं राहिली होती, म्हणजे २०२५ हे साल काही आकाश कोसळल्यासारखं नाही. पासचे बार ९३ पासून काढून जे अडीचपट दिसतं ते ना पासच्या प्रमाणाचं आहे ना नापासच्या. तो अडीचचा आकडा फक्त ९३ मुळे आलाय.

यावर एडवर्ड टफ्टी म्हणून अमेरिकेतला माणूस आहे, त्याने १९८३ मध्ये एक सोपं माप दिलं. चित्रात बदल किती टक्के दिसतो भागिले आकड्यांत किती टक्के आहे. एकच्या आसपास आलं तर ठीक. इथे चित्रात ४२१ चा १६५ झाला म्हणजे जवळपास ६१ टक्के घट, आकड्यांत ९५.८१ वरून ९४.१० म्हणजे १.८ टक्क्यांच्या आत घट. भागाकार येतो ३४. म्हणजे चौतीसपट फुगवलंय. २०१२ मध्ये अमेरिकेत फॉक्स न्यूजने कराचा एक ग्राफ दाखवला होता, वरचा दर ३५ टक्क्यांवरून ३९.६ होणार म्हणून, पट्टी ३४ पासून, त्यात दुसरा बार पहिल्याच्या साडेपाचपट. त्याचा हाच भागाकार ३५ येतो. साताऱ्याचा क्लास एका पॉइंटने मागे आहे फक्त.

मालवणी_माणूस
😂😂 फॉक्स न्यूजाक टक्कर!

शिंदे_सर_बीड
निखिलराव, नापासचे बार काढा म्हणता ते पटलं. पण मग मला सांगा, कुठला आकडा "खरा" बदल ते कोण ठरवणार? १.८ टक्के घट म्हणजेही तेच आणि ४१ टक्के वाढ म्हणजेही तेच. तुमच्या त्या भागाकारात खाली १.८ घातले तर ३४ येतात, पण चित्र बघून माझ्यासारख्याच्या मनात नापास मुलं येत असतील तर खाली ४१ घालायला पाहिजेत, मग दीडच येतो.

निखिल_पी
अंकगणित बरोबर आहे तुमचं, साठला एक्केचाळीसने भागलं की दीड. पण बारच्या डोक्यावर ९५.८१ छापलंय, ४.१९ नाही छापलेलं. ज्या आकड्याचा बार म्हणून दाखवला त्याच्याशीच लांबी जुळायला पाहिजे असं मी धरतो. कुठला आकडा दाखवावा हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि त्याला पिक्सेल मोजून उत्तर नाही मिळत.

शिंदे_सर_बीड
तिथे आपलं नाही जमणार. असो.

ऑफिसातली_रमा
मला एक विचारायचंय, शून्यापासून काढला की खरी घसरण झाली तरी लपणार नाही का? म्हणजे सगळेच बार एकसारखे उंच.

शिंदे_सर_बीड
नाही लपत. २०१८ चा निकाल ८९.४१ होता आणि २०१९ चा ७७.१०. त्या वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी परत आले आणि निकाल ९५.३० वर गेला. नानांच्या ३०० पिक्सेलच्या हिशोबात ते २६८ आणि २३१ होतात, सदतीस पिक्सेलचा फरक. शून्यापासूनही लांबून दिसतो. तेव्हा शाळेत काय वातावरण होतं ते आम्हालाच माहीत.

पुणेकर_नाना
आणि क्लासने २०२२ का नाही घेतलं? ९६.९४ होता. तो घेतला असता तर ९६.९४, ९३.८३, ९५.८१, ९४.१०, असं वरखाली वरखाली दिसलं असतं आणि दरवर्षी असं होतंच की म्हणून कुणी घाबरलं नसतं. सुरुवातीचा आकडा कापला तसं सुरुवातीचं वर्षही कापलंय.

निखिल_पी
नाना, हे मात्र मोजून सिद्ध नाही करता येत, तीन वर्षं घेणं ही साधी पद्धतही आहे. पण ९३ पासूनच्या पट्टीत ९६.९४ चा बार ५८९ पिक्सेल झाला असता, कागदावर मावला नसता हेही आहे 😀

मंजिरी_सातारा
आज क्लासमध्ये फी विचारायला गेले तेव्हा मोबाइलवर तुमचा हिशोब दाखवला. सर चांगले आहेत तसे, म्हणाले "ग्राफ डिझाइनवाल्याने केलाय, आकडे बरोबर आहेत ना, मग?" मी म्हटलं आकडे बरोबर आहेत, फक्त डावीकडे ९३ लिहा, आमचं आम्ही बघून घेऊ. ते म्हणाले बघतो. कागद अजून तिथेच आहे. प्रवेश घ्यायचा की नाही ते मुलीच्या गणिताच्या बाईंना विचारून ठरवणार आहे, त्याचा आणि ग्राफचा काही संबंध नाही.

शिंदे_सर_बीड
ताई, गणिताच्या बाईंनाच विचारा, उत्तम. मी माझ्या वर्गासाठी २०१८ ते २०२५ नापासांच्या टक्क्यांचे बार काढतोय, शून्यापासून, निखिलराव खूश होतील. पण २०२१ चं काय करू? त्या वर्षी परीक्षाच झाली नाही, मूल्यमापनावर निकाल लागला ९९.९५. नापासचा बार ०.०५ चा, २०१९ च्या २२.९० शेजारी तो दिसणारच नाही.

निखिल_पी
बार नका काढू सर, जागा रिकामी सोडा आणि त्या जागी "परीक्षा झाली नाही" असं उभं लिहा. ०.०५ चा बार काढला तर मुलांना वाटेल त्या वर्षी पेपर सोपे होते.

ढवळे_काका
मी तर म्हणतो ते वर्ष गाळूनच टाका, ग्राफ सुटसुटीत होईल.

पुणेकर_नाना
काका, क्लासवाल्यांनीही २०२२ असंच सुटसुटीत केलं असेल.